डेमो लेसन तर सगळेच छान घेतात, मग गणिताच्या शिक्षकाची निवड करायची कशी?

ऐरोलीची_मुग्धा (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार. ऐरोलीतल्या एका विनाअनुदानित सेमी-इंग्रजी शाळेत मी दीड वर्षापासून मुख्याध्यापिका आहे. त्याआधी एकोणीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे गणित हा माझा विषय नाही, हे आधीच सांगते. आमच्याकडे सहावी-सातवीच्या गणिताची जागा रिकामी झाली आहे. पुढच्या शनिवारी पाच जणांना बोलावलं आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच रुजू होणारं कुणीतरी हवं आहे.

गेल्या वर्षी याच जागेसाठी आम्ही ज्यांना निवडलं, त्यांचा डेमो मी अजून विसरलेले नाही. पुठ्ठ्याची भाकरी कापून अपूर्णांक शिकवले, वर्ग हसत होता, प्रत्येक प्रश्नाला वीस हात वर येत होते. संस्थेच्या सचिवांनी तिथल्या तिथे होकार दिला. सप्टेंबरात मी सहज म्हणून दहा वह्या मागवल्या. एका मुलीने अकरा गणितांत एकच चूक केली होती आणि अकराही गणितांवर बरोबरची लाल खूण होती. खाली "छान". विचारलं तर बाई म्हणाल्या, "उत्तरं फळ्यावर लिहिली होती, मुलांनी आपापली तपासली, मी सही केली."

त्या वाईट शिक्षिका होत्या असं मी म्हणणार नाही. समजावून सांगण्याची हातोटी त्यांच्याकडे खरंच होती. पण आपण सांगितलेल्यातून मुलाने काय घेतलं, हे बघायची सवय नव्हती, आणि ती आहे की नाही हे आम्ही मुलाखतीत पाहिलंच नव्हतं. आता त्या घरच्या अडचणीमुळे सोडून गेल्या.

तर डेमो सोडून अजून काय पाहावं? जाणकारांनी सांगावं, शनिवारपर्यंत तयारी करायची आहे.

घोडबंदर_रोडवासी (सोमवार, रात्री १०.०५)

पालक म्हणून लिहितो. माझ्या मुलाला चौथीत एका वर्षात तीन वर्गशिक्षिका झाल्या. फी भरताना आम्ही काय बघावं हे कुणी सांगत नाही. शाळेत शिरताना वर्ग स्वच्छ आहेत का, सीसीटीव्ही आहे का, एवढंच आम्ही बघतो. शिक्षक चांगला आहे हे प्रवेशाआधी कसं ओळखायचं? आणि माझं स्पष्ट मत आहे की पगार नीट द्या, चांगली माणसं आपोआप टिकतील.

ऐरोलीची_मुग्धा (सोमवार, रात्री १०.२०)

पगाराचं म्हणणं मान्य आहे, मी संस्थेपुढे तो विषय मांडतेही. पण माझा प्रश्न प्रवेश घेणाऱ्या पालकाचा नाही, निवड करणाऱ्याचा आहे. पाच जण समोर बसले आहेत, पगार पाचही जणांना तोच आहे. त्यातून कुणाला घ्यायचं?

सचिन_वाशी (मंगळवार, सकाळी ८.१५)

मी शाळेत नाही, कंपनीत भरती बघतो, पण काही गोष्टी सगळीकडे लागू पडतात. एक, पाचही जणांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. दोन, पॅनेलमधल्या प्रत्येकाने आपले गुण आधी कागदावर लिहायचे, मग बोलायचं. तुमच्या सचिवांनी तिथल्या तिथे होकार दिला म्हणता, त्यानंतर बाकीच्यांनी वेगळं मत मांडलं असतं का? तीन, व्यक्तिमत्त्व चाचणी घ्या, ऑनलाइन मिळतात. चार, थोडा दबाव टाकून बघा. उमेदवार बोलत असताना मध्येच तोडा, "हे चूक आहे" म्हणा. चाळीस मुलांपुढे टिकणारा माणूस तिथे कळतो.

जुनी_पाटी (मंगळवार, दुपारी ३.३०)

मी नौपाड्यात राहतो, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. स्वतः गणिताचा.

सचिनरावांचे पहिले दोन मुद्दे सोन्यासारखे आहेत, ते तसेच्या तसे घ्या. शेवटचे दोन घेऊ नका. मोठ्या माणसाने अपमान केला तर कोण कसं वागतं आणि अकरा वर्षांच्या मुलाने तिसऱ्यांदा तेच विचारलं तर कोण कसं वागतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुग्धाताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. उणीव तुम्हाला वह्यांत सापडली ना? मग मुलाखतीतही वह्याच ठेवा. मी शेवटची आठ वर्षं हे करत होतो. आपल्याच शाळेतल्या चार मुलांच्या उत्तरपत्रिका घ्यायच्या, नावं झाकून झेरॉक्स काढायची. उमेदवाराला लाल पेन आणि पंधरा मिनिटं द्यायची. सांगायचं, "तपासा, आणि प्रत्येक मुलासाठी खाली दोन ओळी लिहा." मग दहा मिनिटं त्यावर बोलायचं.

मात्र उत्तरपत्रिका कुठल्याही चालत नाहीत, निवडाव्या लागतात. मी नेहमी वापरायचो तो नमुना सांगतो. दोनच प्रश्न, एकेक गुण.

पहिला: ०.४, ०.३५, ०.१२५, ०.६ या संख्या चढत्या क्रमाने लिहा.
दुसरा: ०.४५ आणि ०.३ यांपैकी मोठी संख्या कोणती?

पहिल्या मुलाने क्रम लिहिला ०.४, ०.६, ०.३५, ०.१२५. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ०.४५. म्हणजे एक चूक, एक बरोबर.

दुसऱ्या मुलीने क्रम लिहिला ०.१२५, ०.३५, ०.४, ०.६. अगदी बरोबर. पण दुसऱ्या प्रश्नात ०.३ मोठी म्हणाली. एक बरोबर, एक चूक.

तिसऱ्याने लिहिलं ०.६, ०.४, ०.३५, ०.१२५ आणि दुसऱ्याचं उत्तर ०.४५. पुन्हा एक चूक, एक बरोबर. चौथ्याचं सगळं बरोबर.

तिघांना दोनपैकी एक गुण. आता मुलं बघा. पहिला दशांश चिन्ह बघतच नाही. तो ४, ६, ३५, १२५ असं वाचतो, म्हणून लांबडी संख्या त्याला मोठी वाटते. दुसऱ्या प्रश्नात त्याचं चुकीचं गणितच त्याला बरोबर उत्तर देऊन गेलं. तिसऱ्याला दशांश उत्तम येतात, त्याने फक्त "चढत्या"च्या जागी "उतरत्या" वाचलं. आणि ती दुसरी मुलगी सगळ्यांत अवघड. तिला लांबडी संख्या लहान वाटते. कदाचित एक तृतीयांशापेक्षा एक पंचेचाळिसांश लहान, हे शिकलेलं तिने इथे लावलं. कदाचित शतांश हे दशांशापेक्षा बारीक, मग शतांश असलेली प्रत्येक संख्या लहान, असं धरलं. या चार संख्यांत योगायोगाने लांबडी तीच लहान आहे, म्हणून पहिला प्रश्न तिला पूर्ण सुटला. चूक समज आणि बरोबरची खूण!

आता उमेदवाराकडे बघत बसा. बहुतेक जण चार मिनिटांत गुण देऊन मोकळे होतात आणि तिघांनाही "सराव आवश्यक" लिहितात. काहींचं पेन त्या मुलीच्या कागदावर थांबतं. वर बरोबर, खाली चूक, हे कसं? पुन्हा वर जातात. तेवढं थांबणं मला हवं असायचं. नुकत्याच बी.एड. झालेल्या मुलीला कारण सांगता आलं नाही तरी चालेल. "हिने हे कसं ठरवलं असेल?" एवढं तिच्या तोंडून आलं, तर ती शिकवता शिकवता शिकेल.

मास्तर_कळवा (मंगळवार, संध्याकाळी ७.००)

पाटी सर, आदर ठेवून सांगतो, हे जरा ताणलेलं वाटतं. सहावी ते आठवीला शिकवणाऱ्याने टीईटीचा पेपर दोन दिलेला असतोच. १५० गुणांपैकी ३० गुण बालमानसशास्त्राचे असतात. मुलं कशी विचार करतात हे तिथे तपासून झालेलं आहे, मग मुलाखतीत पुन्हा कशाला?

दुसरं, या तिन्ही मुलांना एकच औषध आहे. शेवटी शून्य लावून अंक सारखे करा. ०.४००, ०.३५०, ०.१२५, ०.६००. आता ४००, ३५०, १२५, ६००, लावा क्रम. बावीस वर्षं असंच शिकवतोय, मुलं चुकत नाहीत.

आणि माणूस ओळखायचा तर उमेदवार फाटकावर वॉचमनशी आणि शिपाईमावशींशी कसा बोलतो ते बघा. आमचे जुने हेडसर मावशींना विचारूनच निर्णय घ्यायचे.

जुनी_पाटी (मंगळवार, रात्री ९.१०)

मास्तर, टीईटीत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. चूक कुठे आहे हे प्रश्नानेच सांगितलेलं असतं. वहीत ते कुणी सांगत नाही. टीईटी पात्रतेसाठी आहे, ती हवीच. पण पात्र असलेले पाच जण समोर आले की निवड पुढेच सुरू होते.

शून्य लावण्याबद्दल. रीत चुकीची नाही, मीही शिकवली आहे. पण आधी समज आणि मग ती रीत. नाहीतर होतं काय, पहिला मुलगा आता ४००, ३५० असं वाचतो आणि बरोबर उत्तर देतो. त्याच्यासाठी दशांश अजूनही पूर्ण संख्याच आहेत, फक्त आता ते दिसेनासं झालं. त्यालाच विचारून बघा, "०.३ आणि ०.४ यांच्या मधली एखादी संख्या सांग." तो म्हणेल, मध्ये काहीच नाही. म्हणून मी उमेदवाराला पुढचा प्रश्न हाच विचारायचो: "या मुलीला उद्या सकाळी काय विचाराल?" शून्य लावायला सांगेन, हे उत्तर मी मधलं धरायचो. शंभर चौकटींचा चौकोन देऊन ४५ चौकटी एका रंगाने आणि तीन पूर्ण स्तंभ दुसऱ्या रंगाने भरायला लावेन, हे त्याहून चांगलं. आणि सगळ्यांत चांगलं उत्तर, "आधी तिलाच विचारेन की तू कसं ठरवलंस."

मास्तर_कळवा (मंगळवार, रात्री ९.४५)

०.३ आणि ०.४ च्या मधल्या संख्येचा प्रश्न उद्याच सातवीत विचारतो. बाकी वर्गात ४५ मुलं आणि तासिका पस्तीस मिनिटांची, प्रत्येकीला "कसं ठरवलंस" विचारायला वेळ कुठून आणायचा, हेही सांगा.

अनुजा_कोपरखैरणे (बुधवार, सकाळी ६.५०)

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. गेल्या दोन वर्षांत ठाणे ते खारघर मिळून नऊ शाळांत मुलाखती दिल्या.

एका शाळेत तीन दिवस पूर्ण वेळ "ट्रायल" म्हणून शिकवायला लावलं, एक पैसा न देता, आणि नंतर फोनही नाही. दुसरीकडे शिकवण्याबद्दल दोन प्रश्न आणि लग्न कधी, मूल कधी यावर वीस मिनिटं. म्हणून मुग्धाताईंना विनंती, वह्या तपासायला जरूर द्या, पण आधी कळवा की असं असणार आहे, आणि एका तासाच्या वर नेऊ नका. तुमच्या शाळेचा खरा गठ्ठा तपासून घेताय असं वाटलं की मन उडतं.

आणि डेमोबद्दल तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट. एका शाळेत मी सममिती शिकवली, मुलांनी धडाधड उत्तरं दिली, मुख्याध्यापक खूश झाले. मधल्या सुट्टीत एक मुलगा मला म्हणाला, "टीचर, तुम्ही तिसऱ्या. सकाळपासून दोघींनी हेच शिकवलं." मला निवडलंही. माझा डेमो चांगला होता की माझा नंबर तिसरा होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

शिपाईमावशींच्या परीक्षेबद्दलही. ट्रान्स-हार्बर बंद पडली होती, मी धावत फाटकातून आत शिरले आणि वॉचमनकाकांना नमस्कार न करता "ऑफिस कुठे" एवढंच विचारलं. त्यावरून माझा स्वभाव ठरणार असेल तर अवघड आहे.

ऐरोलीची_मुग्धा (बुधवार, रात्री ९.३०)

अनुजाताई, तिसऱ्या नंबरची गोष्ट वाचून मी आमचं वेळापत्रक काढून बघितलं. गेल्या वर्षी निवडलेल्या बाई चौथ्या होत्या आणि चौघींनाही सहावी अ दिली होती, अपूर्णांकच दिले होते. हे आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. या वेळी प्रत्येकाला वेगळा गट देते, बारा-बारा मुलांचा, दोन्ही तुकड्यांतून मिसळून.

पाटी सर, तुमचे दोन प्रश्न मी आज सातवीच्या दोन्ही तुकड्यांना चिठ्ठीवर सोडवायला दिले. एकूण ७९ मुलं. आत्ता सगळ्या चिठ्ठ्या चाळल्या. तुमच्या त्या "दुसऱ्या मुली"सारखी सात मुलं निघाली. आमचीच मुलं, सातवीतली! त्यातूनच झेरॉक्स काढते आहे. मला स्वतःला आधी ती सापडत नव्हती, कारण पहिल्या प्रश्नाला खूण करून मी पुढे जात होते.

नीलिमा_खारघर (गुरुवार, दुपारी १.१५)

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून जाते. गणितातलं बोलणार नाही. एक प्रश्न मात्र प्रत्येक उमेदवाराला विचारा: "एखादं मूल तुमच्याजवळ येऊन म्हणालं, बाई, एक सांगते, पण कुणाला सांगणार नाही असं वचन द्या. तुम्ही काय म्हणाल?" बरेच प्रेमळ शिक्षक पटकन "देते वचन" म्हणतात. ते देता येत नाही. लैंगिक अत्याचाराची शंका जरी असली तरी पोक्सो कायद्याप्रमाणे, म्हणजे २०१२ पासून, कळवणं बंधनकारक आहे. "मी ऐकते, पण तुला सुरक्षित ठेवण्यासाठी कुणाला सांगावं लागलं तर सांगेन, आणि तुला सांगूनच सांगेन", या दिशेचं काहीतरी यायला हवं. पहिल्यांदा चुकलं तरी समजावल्यावर का चुकलं हे पटतं का, ते बघा. आणि आधीच्या शाळेला फोन करताना "कशा होत्या" विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. "मुलांबरोबरच्या कामावर त्यांना पुन्हा घ्याल का?" असं विचारा आणि उत्तराआधी किती वेळ गेला ते ऐका. पोलीस पडताळणी नेमणुकीआधी, नंतर नाही.

सचिन_वाशी (गुरुवार, दुपारी २.००)

फोनवरचा हा प्रश्न आम्हीही विचारतो. दबाव टाकण्याबद्दल पाटी सरांचं म्हणणं पटलं, मागे घेतो. पण व्यक्तिमत्त्व चाचणीबद्दल माझं मत अजून तेच आहे.

जुनी_पाटी (गुरुवार, रात्री ८.२०)

मुग्धाताई, शनिवारी अजून एक करून बघा. डेमोनंतर उमेदवाराला एकच सूचना द्या, नेमकी आणि लहान. मग वीस मिनिटांनी त्याच मुलांना पुन्हा दहा मिनिटं शिकवायला सांगा. सूचना कशी? डेमोत दशांश असतील तर कान देऊन ऐका, ०.३५ कसं वाचतात. "शून्य पॉइंट पस्तीस" असं वाचलं की पहिल्या मुलाचा पस्तीस पक्का झाला. "शून्य पॉइंट तीन पाच" असं वाचायला सांगा. रुपये-पैशांचं उदाहरण देणारेही सापडतील. तेही जपून वापरायला सांगा, कारण ०.४ रुपये म्हणजे मूल चार पैसे समजतं. सूचना ऐकून चेहऱ्यावर काय उमटतं याकडे जाऊ नका. दहा मिनिटांत प्रत्यक्ष काय बदललं तेवढं लिहून ठेवा.

मास्तरांच्या वेळेच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मी रोज पाच वह्या नीट बघायचो, बाकी नुसत्या सह्या. पंचेचाळीस मुलांची एक फेरी नऊ दिवसांत व्हायची. ते पुरेसं होतं असं मी म्हणणार नाही.

ऐरोलीची_मुग्धा (रविवार, सकाळी ११.००)

काल मुलाखती झाल्या. पाचपैकी चार जण आले. सगळ्यांना दोन दिवस आधी कळवलं होतं की उत्तरपत्रिका तपासायला देणार आहोत. कुणाची ओळख पटेल असं न लिहिता सांगते.

पहिल्या बाई बारा वर्षं अनुभवी. डेमो चौघांत उजवा, फळा तर बघत राहावा असा. उत्तरपत्रिका सहा मिनिटांत झाल्या, तिघांनाही "सराव आवश्यक". मी विचारलं, "या दुसऱ्या मुलीला काय येत नाही?" त्या म्हणाल्या, "घाईत चुकली." मी म्हटलं, पुन्हा एकदा बघता का? मिनिटभर बघितलं आणि स्वतःच म्हणाल्या, "अरे, हिचं वरचं उत्तरही संशयास्पद आहे. पेपर तपासताना मी फक्त उत्तर बघते, हे आज कळलं."

दुसऱ्या सरांनी प्रत्येक मुलासाठी सुंदर अक्षरात चार-चार ओळी लिहिल्या, पण त्या ओळी अदलाबदल करून लावल्या असत्या तरी चालल्या असत्या. तिसऱ्या सरांनी उतरता क्रम लिहिणाऱ्या मुलाबद्दल "दशांश संकल्पना अजिबात स्पष्ट नाही" असं लिहिलं आणि दाखवून दिल्यावरही त्यावरच ठाम राहिले.

चौथी मुलगी नुकतीच बी.एड. झालेली. डेमो खरं तर फसला. आवाज मागे पोहोचत नव्हता, वेळ संपली तरी मुद्दा अर्धा राहिला, मागच्या दोन मुलांनी तेवढ्यात कागदी विमान केलं. पण उत्तरपत्रिकेत तिने त्या मुलीच्या बरोबर असलेल्या उत्तरापुढे खूण न करता प्रश्नचिन्ह काढलं. पंधरा मिनिटांत तिच्या फक्त तीनच उत्तरपत्रिका झाल्या. मला विचारलं, "मॅडम, ही मुलगी आज शाळेत आहे का? मला तिच्याशी बोलता येईल?"

दुसऱ्या दहा मिनिटांत पहिल्या बाईंनी "तीन पाच" असं वाचायला लगेच सुरुवात केली आणि एका मुलाला दोनदा "कसं ठरवलंस" विचारलं. चौथीला मी आवाजाबद्दल सूचना दिली होती. पहिली तीन मिनिटं आवाज चढला, मग पुन्हा खाली.

नीलिमाताई, तुमच्या प्रश्नाला चौघांपैकी तिघांनी वचन दिलं. समजावल्यावर दोघांना लगेच पटलं, तिसरे सर मात्र "मुलांचा विश्वास महत्त्वाचा" म्हणत राहिले.

आम्ही तिघांनी गुण आधी वेगवेगळे लिहिले. सचिव पहिल्या बाईंच्या बाजूने, माझा कल चौथीकडे, पर्यवेक्षिका मधोमध. अजून ठरलेलं नाही.

जुनी_पाटी (रविवार, दुपारी १२.४०)

एकच विचारतो. शाळेत गणिताचं ज्येष्ठ माणूस आहे का, जे नव्या मुलीच्या वर्गात आठवड्यातून दोनदा मागे बसेल? असेल तर चौथी. आवाज आणि वेळ एका वर्षात हाताखाली तयार होतात. नसेल तर तिला एकटीला दोन तुकड्यांत सोडणं तिच्यावरही अन्याय आहे आणि मुलांवरही. तुमच्या पहिल्या बाई गेल्या वर्षीच्या बाईंसारख्या नाहीत, हेही लक्षात घ्या. त्यांनी मिनिटभरात बघितलं आणि तोंडाने कबूलही केलं.

ऐरोलीची_मुग्धा (रविवार, दुपारी १.३०)

नाही हो सर. आठवी ते दहावीचे गणिताचे सर डोंबिवलीहून येतात, त्यांच्या स्वतःच्याच तासिका भरलेल्या आहेत. माझा विषय मराठी. मी वर्गात बसू शकते, पण दशांशात ती कुठे चुकते आहे हे मला कळणार नाही.

मास्तर_कळवा (रविवार, दुपारी ४.१०)

०.३ आणि ०.४ च्या मधली संख्या विचारली सातवीत. ४५ पैकी अठरा मुलांनी मध्ये काही नाही असं लिहिलं. शून्य लावून क्रम मात्र सगळ्यांना येतो. मी अजून विचार करतोय. बाकी माझं मत पहिल्या बाईंना.

अनुजा_कोपरखैरणे (रविवार, संध्याकाळी ५.००)

कुणालाही घ्या, पण त्या चौथीला फोन करून सांगा की तिचं प्रश्नचिन्ह तुम्ही पाहिलंत. आम्हाला "कळवू" याच्या पुढे कुणी काही सांगत नाही. ती घरी बसून फक्त कागदी विमान आठवत असेल.

ऐरोलीची_मुग्धा (मंगळवार, रात्री १०.१५)

पहिल्या बाईंना नेमणूक दिली. दोन वर्षांचा परिविक्षा कालावधी आहे. पहिल्या सहा आठवड्यांत दर शनिवारी त्या आणि मी मिळून प्रत्येक तुकडीतल्या पाच वह्या बघणार आहोत, हे रुजू होण्याआधीच बोलून घेतलं. त्या हो म्हणाल्या, "मलाही हवंच आहे" म्हणाल्या. हे फेब्रुवारीपर्यंत टिकतं का, ते तेव्हाच कळेल.

चौथीला काल फोन केला. प्रश्नचिन्हाचं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही, मग विचारलं, "मॅडम, ती मुलगी भेटली का तुम्हाला?"

मी भेटले नव्हते. आज मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. ०.४५ आणि ०.३ कागदावर लिहिले आणि म्हटलं, चूक-बरोबर राहू दे, तू कसं ठरवतेस ते मला सांग. ती म्हणाली, "बाई, पॉइंटच्या पुढे जेवढे जास्त आकडे, तेवढे जास्त तुकडे केलेले असतात. जास्त तुकडे केले की तुकडा लहान होतो ना?" मी विचारलं, हे कधीपासून असं वाटतं? म्हणाली, "पाचवीपासून. कुणी विचारलं नाही."